अडकलेल्या ट्रेची वही: एका समस्या-विभागाचं प्रकरण

बिझनेस प्लॅनमधला ‘समस्या’ हा विभाग दीड पानाचा असतो आणि बहुतेक जण तो शेवटच्या रात्री लिहितात. उपाय आधीच ठरलेला असतो, समस्या त्याच्या मापाने शिवली जाते. हे कसं घडतं आणि ते उलटं कसं फिरवायचं, हे एका प्रकरणातून दाखवतो. प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे आणि त्यातले आकडेही त्यासाठीच बांधलेले आहेत. पण काम ज्या कारणांनी अडकतं ती कारणं त्या धंद्यात रोज दिसणारी आहेत.

धंदा डेंटल लॅबचा. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या दाताचं माप घेतात, एका चिठ्ठीवर कॅप कशाची हवी, कुठल्या दाताची, कुठल्या रंगाची हे लिहितात आणि माप व चिठ्ठी लॅबला पाठवतात. या चिठ्ठीला लॅब स्लिप म्हणतात. लॅबमध्ये प्रत्येक कामाचा एक छोटा ट्रे असतो. माप, साचे आणि स्लिप त्यातच राहतात आणि ट्रे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत जातो.

स्टार्टअप दोघांचं. ती आधी काही वर्षं लॅबमध्ये तंत्रज्ञ होती, तो प्रोग्रामर. कल्पना अशी की कागदी स्लिपच्या जागी एक अ‍ॅप द्यायचं. एका इन्क्युबेटरसाठी त्यांनी प्लॅन लिहिला. त्यातल्या समस्या-विभागाचा पहिला मसुदा असा होता:

“डेंटल लॅब क्षेत्र आजही कागदावर चालतं. डॉक्टर आणि लॅब यांच्यात संवादाचा अभाव असल्याने वेळ आणि पैसा वाया जातो. आमच्या सर्वेक्षणात ८७ टक्के लोकांनी एकात्मिक डिजिटल व्यासपीठाची गरज व्यक्त केली आहे.”

तीन वाक्यं, आणि तिन्हींत एकाही माणसाला काही दुखत नाही. ‘कागदावर चालतं’ हे फक्त वर्णन झालं. कागदावर उत्तम चालणारे कितीतरी धंदे आहेत. ‘संवादाचा अभाव’ म्हणजे आपलं अ‍ॅप अजून तिथे नाही, एवढंच. समस्येच्या जागी उपायाची गैरहजेरी लिहिली की ती उपायाशी बरोबर जुळते, आणि नेमकी म्हणूनच काही सांगत नाही. राहता राहिला ८७ टक्क्यांचा आकडा. प्रश्न होता, “ऑर्डर नोंदवण्यासाठी एकच सोपं अ‍ॅप मिळालं तर वापराल का?” ६४ जणांनी उत्तर दिलं, त्यातले ५६ ‘हो’ म्हणाले. ओळखीच्या माणसाने विचारलेल्या अशा प्रश्नाला ‘नाही’ म्हणायला कोणाची जीभ रेटते? शिवाय ६४ पैकी बरेचसे तिच्या ओळखीतले डॉक्टर होते. लॅबचालक जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कोणाचं दुखणं सांगायचं आहे हेच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे जो भेटला त्याला विचारलं गेलं.

इन्क्युबेटरच्या मार्गदर्शक बाईंनी मसुद्यावर एकच ओळ लिहून तो परत केला: “शेवटचा कुठला ट्रे अडकला, किती वाजता, आणि मग काय झालं?”

या प्रश्नामागे जुनी पद्धत आहे. १९५४ साली जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने ‘क्रिटिकल इन्सिडंट टेक्निक’ मांडलं. त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी हवाई दलाच्या वैमानिकांवरच्या अभ्यासात होतं. गाभा सोपा आहे: माणसाला मत विचारू नका, प्रत्यक्ष घडलेला एक प्रसंग विचारा, तो कुठे सुरू झाला आणि कशात संपला ते विचारा. “तुम्हाला संवादाची अडचण येते का?” याला उत्तर म्हणून मत मिळतं. “गेल्या आठवड्यात थांबलेलं एक काम आठवून सांगा” म्हटलं की मंगळवार आठवतो, वेळ आठवते, फोन किती वेळा केला ते आठवतं. आणि ज्याला काहीच आठवत नाही, त्याचं न आठवणं हेही उत्तर असतं.

दोघांनी तीन आठवड्यांत ११ लॅब पाहिल्या. बोलण्याचे दोन नियम त्यांनी स्वतःवर घातले. अ‍ॅपचा उल्लेख करायचा नाही, आणि ‘तर काय कराल’ असा भविष्यातला प्रश्न विचारायचा नाही. पहिला नियम पाळणं त्याला फार जड गेलं. पहिल्या दोन भेटींत तो न राहवून कल्पना सांगून बसला आणि त्या दोन्ही ठिकाणी समोरचा माणूस लगेच ‘छान, छान’ करू लागला. त्या दोन भेटींच्या नोंदी त्यांनी नंतर बाजूला ठेवल्या, ११ मध्ये मोजल्या नाहीत. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत प्रामाणिक निर्णय होता.

पहिला धक्का डॉक्टरांच्या बाजूने बसला. काही दवाखान्यांतही ते गेले होते; तिथे एकालाही अडकलेलं काम आठवेना. साहजिकच होतं. स्लिपवर रंग लिहायचा राहिला तर दवाखान्यात काहीच थांबत नाही. थांबतं लॅबमध्ये. डॉक्टरला कळतं ते फक्त एवढंच की लॅबचा पुन्हा फोन आला. म्हणजे चूक एकाच्या टेबलावर होते आणि दुखतं दुसऱ्याच्या टेबलावर. समस्या-विभागात ‘डॉक्टर आणि लॅब यांना’ असं जोडनाव लिहिलं होतं, ते तिथेच तुटलं. ग्राहक म्हणून एकटा लॅबचालक उरला.

दुसरा धक्का कागदाचा. लॅब कागदावर अडकलेल्या नव्हत्याच. बहुतेक ठिकाणी रंगाचे फोटो मोबाईलवरच्या चॅटमध्ये येत होते. अडचण वेगळी होती: फोटो चॅटमध्ये, ट्रे टेबलावर, आणि दोघांना जोडणारं काहीच नाही. फोटोवर रुग्णाचं नाव नसतं. त्याच डॉक्टरची त्याच दिवशीची तीन कामं आली की कुठला फोटो कोणाचा हे पुन्हा विचारावं लागतं. ‘डिजिटल नाही’ ही तक्रार खोटी निघाली. उलट अर्धवट डिजिटल झाल्यामुळे एक नवं दुखणं तयार झालं होतं.

मग सातव्या लॅबमध्ये वही सापडली. तिथल्या चालकाने स्वतःच्या सोयीसाठी एक साधी वही घातली होती. जो ट्रे थांबेल त्याची एक ओळ. तारीख, डॉक्टर, काय नाही, कधी कळलं. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, तर रोज संध्याकाळी “माझं काम का नाही आलं?” या फोनला उत्तर देता यावं म्हणून. तंत्रज्ञ असल्यामुळे तिला त्या वहीची किंमत लगेच कळली. ती म्हणाली, “काका, ही वही आम्हाला दोन दिवस द्याल का? डॉक्टरांची नावं झाकून उतरवून घेते.”

ग्राहकाने स्वतःहून केलेली तडजोड पुरावा म्हणून इतकी भक्कम का, हे थोडं थांबून सांगायला हवं. मत द्यायला काही खर्च येत नाही. प्रसंग सांगायला थोडी आठवण लागते. पण कोणी विचारण्याआधीच माणसाने वही घातली असेल, स्लिपवर लाल चौकट छापून घेतली असेल, फोन करायला कोणाला तरी बसवलं असेल, तर त्याने त्या दुखण्यावर स्वतःचा वेळ किंवा पैसा आधीच घातलेला आहे. ११ पैकी पाच लॅबमध्ये असं काही ना काही दिसलं. दोन ठिकाणी थांबलेली कामं सोडवायला माणूस ठेवला होता. चार लॅबमध्ये काहीच दिसलं नाही, आणि तिथले चालक म्हणाले, “होतं कधीकधी, चालायचंच.” उरलेल्या दोघांनी तक्रार भरपूर केली, पण ती कमी व्हावी म्हणून काहीही केलेलं नव्हतं. त्या दोघांना ‘दुखणं असलेले’ धरायचं की नाही यावर तिचं आणि त्याचं चांगलंच वाजलं. शेवटी धरलं नाही.

वहीत चार आठवड्यांच्या नोंदी सलग होत्या. त्या काळात लॅबमध्ये २१२ कामं आली होती आणि ३८ थांबली होती. कारणं पाहिली तेव्हा रंग न लिहिल्यामुळे १७, समोरच्या, म्हणजे चावताना भिडणाऱ्या दुसऱ्या जबड्याचं माप न आल्यामुळे ९, मार्जिन धूसर असल्यामुळे ७ आणि किरकोळ कारणांनी ५.

शंभरात अठरा कामं थांबतात! तो खूश झाला आणि हा आकडा तसाच मसुद्यात टाकायला निघाला. तिने अडवलं. मार्जिन म्हणजे कॅप जिथे दाताला भिडते ती कड. मापात ती कड धूसर उमटली असेल तर नवं माप घेण्यावाचून गत्यंतर नाही. रुग्णाला परत बोलवावं लागतं. कुठलंही अ‍ॅप धूसर कड स्पष्ट करू शकत नाही. म्हणून ती ७ कामं दुखणं म्हणून खरी असली तरी त्यांच्या उपायाच्या हद्दीबाहेर होती. रंग आणि समोरचं माप मिळून २६. माल निघण्याआधी कोणी विचारलं असतं तर ही २६ टळली असती. समस्या-विभागात दोन्ही आकडे लिहायचे ठरले, मोठा आणि त्यातला आपल्या कक्षेतला. वाचणारा जाणकार असेल तर तो ही वजाबाकी मनात करतोच. ती आपण आधी केली नसेल तर पुढच्या प्रत्येक आकड्याकडे तो संशयाने बघतो.

यानंतर किमतीचा प्रश्न आला आणि इथे प्रकरण जवळजवळ कोसळलं. दुखण्याची किंमत म्हणजे फोनवर जाणारा वेळ, असं दोघांनी धरलं होतं. दोन लॅबमध्ये आठवडाभर घड्याळ लावून बसल्यावर दर थांबलेल्या कामामागे, न लागलेले फोन धरून, सरासरी १२ मिनिटं निघाली. ३८ कामांची ४५६ मिनिटं. महिन्याला साडेसात तास, फार तर एका माणसाचा एक दिवस. एवढ्यासाठी कोण नवीन पद्धत शिकणार?

आकडा लहान निघाला की दोन मोह होतात: एक, तो सगळ्या लॅबच्या संख्येने गुणून मोठा करायचा, दोन, तो गाळून टाकायचा. गुणाकाराने क्षेत्राची बेरीज वाढते, एका चालकाचं दुखणं मिनिटभरही वाढत नाही. आणि गाळलं तर पहिल्याच तोंडी परीक्षेत कोणीतरी विचारणारच. दोघांनी तिसरी गोष्ट केली. ते पुन्हा सातव्या लॅबमध्ये गेले आणि विचारलं, “काका, एवढ्याशा वेळासाठी तुम्ही वही का घातली?”

“फोनचं काही नाही हो,” ते म्हणाले. “भट्टी चुकते ना.”

इथे कामाचा क्रम माहीत असावा लागतो. झिर्कोनिया या सिरॅमिकची कॅप आधी मऊ अवस्थेतल्या ठोकळ्यातून यंत्राने कोरतात, मग भट्टीत भाजून कडक करतात. नेहमीच्या पद्धतीत ही भाजणी कित्येक तास चालते, त्यामुळे लॅब दिवसभरात कोरलेलं सगळं एकत्र करून संध्याकाळी भट्टी लावतात आणि ती रात्रभर चालते. ठोकळा बऱ्याचदा आधीच रंगवलेला येतो, म्हणजे कोरायला घेण्याआधीच रंग माहीत हवा. प्रचलित रंगपट्टीत १६ छटा आहेत, त्यात अंदाजाने निवड करणं म्हणजे काम परत येण्याची तयारी ठेवणं. सकाळी ११ वाजता ट्रे उघडला, स्लिपवर रंग नाही, डॉक्टर रुग्णांमध्ये. उत्तर येतं संध्याकाळी सातला आणि भट्टी लागलेली असते सहाला. बारा मिनिटांच्या चौकशीने काम पूर्ण एक दिवस मागे पडतं. डॉक्टर रंग बघायलाच विसरला असेल तर रुग्ण पुन्हा येईपर्यंत.

वहीकडे पुन्हा पाहिलं तेव्हा ‘कधी कळलं’ हा रकाना बोलू लागला. ३८ पैकी २३ कामं त्याच दिवशी भट्टीआधी सुटली होती. १५ ची रात्रीची भट्टी चुकली. त्यातली ६ कामं रुग्णाला दिलेल्या तारखेनंतर पोचली. त्या सहांसाठी दवाखान्यात खुर्ची रिकामी राहिली, रुग्णाने परत यायचं ठरवलं, आणि डॉक्टरने लॅबला सुनावलं. चालकाच्या बोलण्यात भीती होती ती हीच. उशीर कोणामुळे झाला हे दवाखान्याला कधीच दिसत नाही. दिसतं एवढंच की लॅबने उशीर केला. आणि डॉक्टर लॅब बदलतात ते भांडून नव्हे, पुढचं माप गुपचूप दुसरीकडे पाठवून.

म्हणजे दुखणं वेळेचं नव्हतंच. दुसऱ्याच्या चुकीमुळे आपली तारीख मोडते आणि बदनामी आपली होते, हे दुखणं होतं.

आता एकाच वहीवर अख्खा विभाग उभा करणं धोक्याचं. ज्याने वही घातली त्याला त्रास जास्त आहे म्हणूनच घातली असणार. अशा माणसाचा आकडा सगळ्यांवर लावता येत नाही. म्हणून आणखी तीन लॅबना दोन आठवडे तशीच नोंद ठेवायची विनंती केली. ७० पैकी ९ थांबली, ९६ पैकी १४, आणि तिसऱ्या ठिकाणी ८८ पैकी फक्त २. ही तिसरी लॅब बघून त्याचा चेहरा पडला. कारण शोधलं तर तिथे जवळपास सगळं काम तोंडातल्या स्कॅनरवरून येत होतं. स्कॅनसोबत जो ऑर्डर फॉर्म जातो त्यात रंगाचा रकाना भरल्याशिवाय फाइल पुढे जात नव्हती, आणि समोरचा जबडा स्कॅनिंगच्या क्रमातच होता.

पहिल्या प्रतिक्रियेत ही लॅब ‘अपवाद’ म्हणून गाळायचं चाललं होतं. पण ती अपवाद नव्हती. ती दुखण्याची सीमा होती. जिथे माप हाताने घेतलं जातं आणि पेटीतून येतं तिथे काम अडकतं. जिथे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही तिथे अडकत नाही. कारणाबद्दलचा त्यांचा अंदाज बरोबर असल्याचा यापेक्षा चांगला पुरावा ११ मुलाखतींतून मिळाला नसता. त्यातून एक अप्रिय गोष्टही निघाली: स्कॅनर वाढत जातील तसं हे दुखणं आपोआप कमी होत जाईल. तीही लिहायची ठरली.

विभागाचा शेवटचा मसुदा असा:

“ज्या लॅबमध्ये बहुतेक माप पेटीतून येतं, तिथे कामाची माहिती अपुरी असल्याचं ट्रे उघडल्यावरच कळतं. एका लॅबच्या चार आठवड्यांच्या स्वतःच्या वहीत २१२ पैकी ३८ कामं थांबली. आणखी दोन लॅबच्या दोन आठवड्यांच्या नोंदीत ७० पैकी ९ आणि ९६ पैकी १४. पहिल्या लॅबच्या ३८ पैकी २६ कामं रंग किंवा समोरचं माप नसल्यामुळे थांबली. ती पाठवण्याआधी टाळता आली असती. सातमध्ये नवं मापच लागलं. ती आमच्या कक्षेत नाहीत.

चौकशीला वेळ थोडाच जातो, कामामागे सुमारे १२ मिनिटं. नुकसान तारखेचं होतं: ३८ पैकी १५ कामांची त्या रात्रीची भट्टी चुकली आणि ६ रुग्णाच्या तारखेनंतर पोचली. उशिराचा दोष लॅबवर येतो.

पाहिलेल्या ११ लॅबपैकी पाच जणांनी यावर स्वतःहून उपाय केले आहेत: नोंदवही, बदललेली स्लिप, आणि दोन ठिकाणी अर्धवेळ माणूस. चार चालकांना ही अडचण महत्त्वाची वाटत नाही. दोघे तक्रार करतात, पण त्यांनी काही केलेलं नाही. मुख्यतः स्कॅनवर चालणाऱ्या एका लॅबमध्ये ८८ पैकी २ च कामं थांबली. म्हणून आमचा ग्राहक पेटीतून माप घेणारी लॅब आहे, आणि ही संख्या काळानुसार घटेल असं आम्ही धरतो.”

यात ‘डिजिटल’ हा शब्द नाही, उपायाचा मागमूस नाही, ‘प्रचंड’ किंवा ‘गंभीर’ असं एकही विशेषण नाही. ११ मुलाखतींची टक्केवारीही काढलेली नाही. अकरा माणसांकडून काय घडतं हे नीट कळतं, किती जणांच्या बाबतीत घडतं हे कळत नाही. ‘४५ टक्के लॅब’ असं लिहिलं असतं तर पाच जणांचा आकडा बाजाराचा असल्याचा भास झाला असता.

मार्गदर्शक बाईंनी मसुदा वाचला आणि ‘अर्धवेळ माणूस’ या शब्दांखाली रेघ मारली. “हा माणूस फक्त याच कामासाठी आहे का?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हे विचारलं नव्हतं. पैसे खर्च केल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच, म्हणून तो हातात आल्यावर कोणी उलटून पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही लॅबना फोन करून बसली. एका ठिकाणी माणूस खरोखर याचसाठी होता, सकाळी पेट्या उघडून स्लिप तपासायला. दुसऱ्या ठिकाणी तो बिलं करायचा, तयार काम पोचवायचा आणि मधल्या वेळात फोन लावायचा. मोठी लॅब, तरी या कामाला दिवसाचा तासभर जेमतेम. मसुद्यातलं वाक्य बदललं: “एका ठिकाणी अर्धवेळ माणूस, एका ठिकाणी एका कर्मचाऱ्याचा रोज सुमारे तासभर.” आणि दोघे तोच मसुदा घेऊन बाराव्या लॅबच्या दारात उभे राहिले, तिथे सकाळी पेट्या कोण उघडतं ते बघायला.